बुडालेली उधारी परत आली तर ती वहीत कोठे मांडावी?

दुकानदारी करणारे आमचे काही वाचक आणि वाणिज्य शाखेत शिकणारी त्यांची मुले अधूनमधून एक प्रश्न विचारतात. एखाद्या ग्राहकाची उधारी मागच्या वर्षी बुडाली म्हणून आपण ती खात्यावरून काढून टाकली. यंदा तोच ग्राहक अचानक पैसे घेऊन आला. आता ही रक्कम कोणाच्या नावे व कोणाच्या जमेस लिहायची? प्रश्न लहान दिसतो. परंतु त्याचे चुकीचे उत्तर दिले, तर ताळेबंदात नसलेले देणे उभे राहते, कराचा हिशेब बिघडतो आणि क्वचित प्रसंगी आलेली रक्कम वहीपर्यंत पोहोचतच नाही. म्हणून हा विषय थोडा विस्ताराने मांडावा असे आम्हांस वाटले.

आकडे समोर असले की गोष्ट लवकर उमगते. तेव्हा उदाहरणादाखल वसईतील एक लादीविक्रेता डोळ्यांसमोर आणू. मे 2022 मध्ये त्याने एका बांधकाम ठेकेदाराला 50,000 रुपयांच्या लाद्या विकल्या. त्यावर 18 टक्के दराने 9,000 रुपये जीएसटी लागला व बिल 59,000 रुपयांचे झाले. ठेकेदाराने 19,000 रुपये लगेच दिले. उरलेले 40,000 रुपये पुढल्या महिन्यात देतो म्हणाला, पण तो महिना काही उगवला नाही. फोन झाले, खेपा झाल्या, ठेकेदाराची कामे बंद पडल्याचे कानी आले. अखेर 31 मार्च 2024 रोजी वर्षाचे हिशेब बंद करताना विक्रेत्याने ही रक्कम बुडीत धरली आणि रोजकीर्दीत अशी नोंद केली:

बुडीत कर्ज खाते, नावे, रु. 40,000
ठेकेदाराचे खाते, जमा, रु. 40,000

या नोंदीने दोन गोष्टी घडल्या. ठेकेदाराच्या खात्यावरील बाकी शून्य होऊन ते खाते बंद झाले. त्याचबरोबर 40,000 रुपयांचा तोटा 2023-24 च्या नफा-तोटा खात्यात गेला व त्या वर्षीचा नफा तेवढ्याने कमी झाला. ताळेबंद तयार झाला, विवरणपत्र भरले गेले, वर्ष संपले.

पुढे नोव्हेंबर 2024 मध्ये ठेकेदाराला नवे काम मिळाले. त्याने विक्रेत्याच्या बँक खात्यात 25,000 रुपये भरले आणि बाकीचे जमेल तसे देतो असा निरोप पाठवला.

अकरावीच्या विद्यार्थ्याची लेखणी अडते ती येथे. व्यक्तिगत खात्याचा नियम त्याने पाठ केलेला असतो: घेणाऱ्याचे खाते नावे, देणाऱ्याचे खाते जमा. पैसे देणारा ठेकेदार आहे, तर मग त्याचेच खाते जमा करायला नको का? नियमाच्या शब्दांकडे पाहिले तर उत्तर होय असे येते. अनुभवी कारकूनही सवयीने हेच करतो, कारण रोज येणारी प्रत्येक वसुली तो ग्राहकाच्याच खात्यात जमा करीत असतो.

परंतु ग्राहकाचे खाते जमा केल्याने त्याच्याकडील येणे कमी होते, आणि येथे वहीच्या दृष्टीने येणे उरलेलेच नाही. खाते शून्यावर उभे आहे. त्यात 25,000 रुपये जमा केले तर ते शून्याच्या पलीकडे जाऊन जमेची बाकी दाखवू लागेल. ज्याच्या खात्यावर जमेची बाकी असते तो धनको, म्हणजे आपणच ज्याचे देणे लागतो तो. अशा रीतीने ज्याने आपले पैसे अडीच वर्षे थकवले त्याचेच आपण 25,000 रुपये देणे लागतो, असे आपला ताळेबंद सांगू लागेल! उद्या दुकान विकायचे ठरले किंवा बँकेकडे कर्ज मागायला गेलो, तर कागद पाहणारा माणूस हे देणे खरे धरून चालेल.

तर मग ही रक्कम वस्तुतः काय आहे? मागच्या वर्षी आपण जो तोटा सोसला त्यातला काही भाग भरून आला आहे. तोटा नाममात्र खात्यात गेला होता. तेव्हा त्याची भरपाईही नाममात्र खात्यातच यायला हवी, आणि तेथील नियम असा की खर्च व तोटे नावे, उत्पन्ने व लाभ जमा. म्हणून योग्य नोंद अशी:

बँक खाते, नावे, रु. 25,000
बुडीत कर्ज वसुली खाते, जमा, रु. 25,000

नोंदीखाली स्पष्टीकरण मात्र सविस्तर लिहावे. कोणत्या ग्राहकाकडून, कोणत्या बिलापोटी, ते बिल कधी बुडीत धरले होते, हे तिन्ही तपशील त्यात असावेत. ठेकेदाराचे नाव वहीत उरणार आहे ते याच ओळीत. वर्षअखेरीस बुडीत कर्ज वसुली खात्याची बाकी नफा-तोटा खात्याच्या जमा बाजूस न्यावी. ती 2024-25 या वर्षाचे उत्पन्न ठरते.

यावर एक शंका हमखास निघते. तोटा 2023-24 मध्ये दाखवला होता आणि तो पुरता खरा नव्हता, हे आता दिसून आले. मग त्याच वर्षाचा हिशेब दुरुस्त का करू नये? उत्तर असे की त्या वर्षीच्या हिशेबात चूक नव्हतीच. 31 मार्च 2024 रोजी जी माहिती हाती होती तिच्यावरून पैसे येणार नाहीत असा अंदाज बांधला गेला, आणि तो त्या दिवशी योग्यच होता. बेरीज चुकली, बिल नोंदवायचे राहिले, या चुका झाल्या. प्रामाणिकपणे बांधलेला अंदाज पुढे बदलला तर तिला चूक म्हणत नाहीत, आणि त्यासाठी बंद झालेले वर्ष पुन्हा उघडत नाहीत. भागीदारीच्या धंद्यात तर हे फारच महत्त्वाचे ठरते, कारण मागच्या वर्षाचा नफा भागीदारांत वाटून झालेला असतो. मधल्या काळात एखादा भागीदार निवृत्त झाला असेल आणि जुन्या वसुलीतला वाटा त्यालाही मिळावा अशी इच्छा असेल, तर तसे निवृत्तीच्या करारातच लिहून ठेवलेले बरे. वही आपण होऊन तो वाटा त्याला देणार नाही.

उधारी ज्या वर्षी बुडीत धरली त्याच वर्षी पैसे आले तर गोष्ट निराळी. समजा जुलैत खाते उडवले आणि जानेवारीत रक्कम आली. वर्ष अजून उघडेच असल्याने जुलैची नोंद उलटी फिरवून ग्राहकाचे खाते पूर्ववत करावे व मग नेहमीप्रमाणे वसुली लिहावी. वसुलीसाठी वेगळे खाते लागते ते मध्ये 31 मार्चची भिंत आली म्हणून.

आणखी एक मोह टाळायला हवा. 2024-25 मध्ये विक्रेत्याची दुसरी एक उधारी, समजा 12,000 रुपयांची, बुडाली. बुडीत कर्ज खाते आधीच उघडलेले आहे, तर आलेले 25,000 त्यातच जमा करून टाकू, असे काही जण करतात. नफ्याचा आकडा त्याने बदलत नाही, हे खरे. पण खात्यावर 13,000 रुपयांची उलटी बाकी दिसते आणि यंदा किती उधारी बुडाली हा प्रश्न मालकाने विचारला तर वहीजवळ उत्तर नसते. उधारी देताना आपण सावध झालो आहोत की सैल, हे ज्या आकड्यावरून कळायचे तोच आकडा झाकला जातो. दोन्ही खाती वेगळी ठेवावीत. संशयित कर्ज निधीशीही या वसुलीची गल्लत करू नये. तो निधी आज उभ्या असलेल्या येण्यांसाठी असतो, आणि ठेकेदाराची उधारी त्या येण्यांच्या यादीतून केव्हाच बाहेर पडलेली आहे.

काही हिशेबनीस हीच नोंद दोन पायऱ्यांत करतात. आधी ठेकेदाराचे खाते 25,000 रुपयांनी नावे करून बुडीत कर्ज वसुली खाते जमा करायचे. मग बँक खाते नावे करून ठेकेदाराचे खाते जमा करायचे. अखेरचे उत्तर तेच येते, ठेकेदाराचे खाते पुन्हा शून्यावर येते. फायदा एवढाच की त्याने पैसे परत केल्याची खूण त्याच्या स्वतःच्या खात्यात राहते, आणि उद्या तो पुन्हा उधारी मागायला आला तर ती उपयोगी पडते. ज्या ग्राहकाशी व्यवहार पुढे चालू राहणार आहे त्याच्यासाठी ही रीत आम्हांस अधिक चांगली वाटते. मात्र खाते उघडायचे ते आलेल्या रकमेपुरतेच. उरलेले 15,000 रुपये देण्याचा निरोप आला म्हणून पूर्ण 40,000 रुपयांचे येणे पुन्हा वहीत उभे करणे घाईचे होईल. ज्याने एकदा शब्द मोडला आहे त्याच्या दुसऱ्या शब्दाला उत्पन्न म्हणू नये. ते पैसे येतील त्या दिवशी नोंदवावेत.

उधारीचा काही भागच बुडीत धरलेला असेल, तर थोडा विचार करावा लागतो. समजा विक्रेत्याने 40,000 पैकी 30,000 रुपयेच बुडीत धरले होते आणि 10,000 तरी येतील अशा आशेने ते खात्यावर उभे ठेवले होते. आता 25,000 रुपये आले. यातले पहिले 10,000 ठेकेदाराच्या खात्यात जमा होतील, कारण तेवढे येणे वहीत अजून जिवंत आहे. उरलेले 15,000 बुडीत कर्ज वसुली खात्यात जातील.

आयकराचा कायदाही याच वाटेने चालतो. 1961 च्या आयकर कायद्यात बुडीत कर्जाची वजावट कलम 36 मध्ये होती, आणि अशी वजावट मिळाल्यानंतर रक्कम वसूल झाली तर काय करायचे हे कलम 41 च्या चौथ्या पोटकलमात सांगितले होते. वर पाहिले त्याप्रमाणेच, बुडीत न धरलेल्या भागापेक्षा जितकी जास्त रक्कम हाती येईल तितकी ती वसुलीच्या वर्षी धंद्याचा नफा समजली जाते. 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा नवा आयकर कायदा लागू झाला व कलमांचे क्रमांक बदलले, परंतु तत्त्व तेच राहिले आहे. आमच्या विक्रेत्याचे उत्पन्न 20 टक्क्यांच्या टप्प्यात आहे असे धरू, आणि उपकर बाजूला ठेवू. 40,000 रुपये बुडीत धरल्याने त्याचा 8,000 रुपये कर वाचला होता. आता 25,000 रुपये उत्पन्न आले म्हणून 5,000 रुपये कर लागेल. सरकारने तोट्यात जो भार उचलला होता त्यातला परतफेडीपुरता भाग ते माघारी घेते, इतकेच. धंदा मधल्या काळात बंद झाला असला तरी ही रक्कम करपात्र ठरते. दुकान बंद करून घरी बसलेल्या मंडळींनी हे विशेष ध्यानी ठेवावे.

जीएसटीच्या बाबतीत मात्र पुष्कळ दुकानदार विनाकारण घाबरतात. आलेल्या 25,000 रुपयांवर पुन्हा कर भरायचा का, असे ते विचारतात. भरायचा नाही. त्या विक्रीवरचे 9,000 रुपये विक्रेत्याने मे 2022 च्या विवरणपत्राबरोबरच सरकारजमा केले होते. ग्राहकाने पैसे बुडवले म्हणून तो कर परत मिळाला नव्हता, आणि आता पैसे आले म्हणून नवी विक्रीही झालेली नाही. तेव्हा नवे बिल मुळीच फाडू नये. पावती द्यावी व तिच्यावर जुन्या बिलाचा क्रमांक घालावा.

संगणकावर टॅलीत हिशेब ठेवणाऱ्यांची चूक बहुधा एकाच ठिकाणी होते. रिसीट व्हाउचरमध्ये ठेकेदाराचे नाव टंकले की त्याचे जुने खाते समोर येते, आणि रक्कम On Account म्हणून स्वीकारली जाते. यंत्र हरकत घेत नाही. त्याऐवजी Indirect Incomes या गटाखाली बुडीत कर्ज वसुलीचे एक खाते आधीच उघडून ठेवावे व जमेच्या बाजूला ते निवडावे. चूक झाली आहे की नाही हे पाहायचे असेल तर वर्षअखेरीस Sundry Debtors ची यादी काढावी. येणेकऱ्यांच्या त्या यादीत ज्याच्यापुढे जमेची बाकी दिसेल त्याने एक तर आगाऊ रक्कम दिलेली असते, किंवा त्याची बुडालेली उधारी परत येऊन चुकीच्या जागी बसलेली असते.

येथपर्यंत आपण असे धरून चाललो की पैसे दुकानात आले आणि वहीपर्यंत पोहोचले. प्रत्यक्षात बुडीत धरलेली उधारी ही दुकानाच्या हिशेबातली सर्वांत असुरक्षित जागा असते. चालू खात्याच्या ग्राहकाला आपण बाकीची आठवण देतो. त्याने भरलेली रक्कम वहीत आली नसेल, तर तोच उलटून विचारतो की मी तर पैसे दिले, मग बाकी कसली? बुडीत खात्याला हे संरक्षण नसते. त्या ग्राहकाला कोणी पत्र पाठवत नाही, फोन करत नाही. वहीत त्याची बाकी शून्य आहे. अशा वेळी त्याने गल्ल्यावर बसलेल्या माणसाच्या हाती रोख 25,000 रुपये ठेवले आणि ते खिशात गेले, तर तेरीज जुळतेच, रोकडही जुळते आणि ग्राहकही समाधानाने घरी जातो. याची दुसरी तऱ्हा याहून वाईट. पैसे आधीच घेतलेले असतात आणि ते झाकण्यासाठी वर्षअखेरीस तेच खाते बुडीत म्हणून मालकापुढे ठेवले जाते.

म्हणून वसुली करणारा आणि उधारी बुडीत ठरवणारा माणूस एकच नसावा. बुडीत धरण्याच्या प्रत्येक नोंदीवर मालकाची सही असावी. खाते वहीतून गेले तरी त्याची एक वेगळी यादी ठेवावी, तीत ग्राहकाचे नाव, बिल क्रमांक, रक्कम व बुडीत धरल्याची तारीख असावी, आणि पुढे काही आले तर ते त्याच ओळीपुढे लिहावे. ही यादी मालकाने स्वतःजवळ ठेवावी, गल्ल्याजवळ नव्हे. वर्षातून एकदा त्यातल्या चार-दोन ग्राहकांना मालकाने स्वतः फोन करून बाकीची आठवण द्यावी. क्वचित पैसे येतात. आणि क्वचित असेही उत्तर येते की ते तर मी गेल्या दिवाळीतच तुमच्या माणसाकडे दिले! ज्याची उधारी बुडाली तो ग्राहक पुन्हा आपल्याच दुकानात निर्धास्तपणे येऊ-जाऊ लागला, तर तेवढ्यावरूनही विचारपूस करायला हरकत नाही. ज्याचे देणे उरले आहे असा माणूस सहसा समोरून जात नाही, पलीकडच्या गल्लीने जातो.

या यादीचा आणखी एक उपयोग आहे. उधारी बुडीत धरणे ही आपल्या वहीतली आपली गोष्ट असते. तिने ग्राहकाचे देणे माफ होत नाही. 1963 च्या मुदत कायद्याप्रमाणे अशा उधारीसाठी दावा लावायला साधारणपणे तीन वर्षे मिळतात. ही मुदत संपण्यापूर्वी ग्राहकाने काही भाग चुकता केला आणि त्याची नोंद त्याच्या हस्ताक्षरात किंवा सहीनिशी झाली, तर त्या दिवसापासून मुदत नव्याने मोजली जाते. ठेकेदाराने 25,000 रुपये नोव्हेंबर 2024 मध्ये भरले तेव्हा तीन वर्षे व्हायला अजून सहा महिने होते. नुसत्या बँकेच्या नोंदीवर विसंबून न राहता विक्रेत्याने त्याला दुकानात बोलावून, मे 2022 च्या बिलापोटी 25,000 रुपये दिले व 15,000 देणे बाकी आहे, अशा दोन ओळी लिहून घ्याव्यात आणि खाली त्याची सही व तारीख घ्यावी. मुदत उलटून गेल्यावर एवढ्याने भागत नाही. त्यानंतर ग्राहकाने पैसे देण्याचे वचन नव्याने लेखी व सहीनिशी दिले तरच 1872 च्या करार कायद्याच्या 25 व्या कलमाचा आधार मिळतो. त्याने मुदतीनंतरही आपण होऊन रक्कम आणून दिली, तर ती स्वीकारायला व वर सांगितल्याप्रमाणे नोंदवायला कोणतीच अडचण नाही.